दहापट की नव्वदपट? पी/ई गुणोत्तरामागचे तीन आकडे

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात एक साधा ठोकताळा रूढ होता. कंपनीची वर्षाची मिळकत प्रतिसमभाग १० डॉलर असेल, तर समभागाची वाजवी किंमत १०० डॉलर. म्हणजे मिळकतीच्या दहापट. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या जुन्या मापाची नोंद केली आहे. १९२७ ते १९२९ या तेजीच्या काळात ते माप कसे मोडले गेले, हेही त्यांनी तेथेच सांगितले आहे. दहापटीच्या जागी पंधरापट आली, वीसपट आली, आणि 'वाढणाऱ्या' कंपन्यांना तर कोणतेच माप उरले नाही. त्या तेजीचे लाडके अपत्य म्हणजे रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका. या कंपनीने आपल्या सर्वसाधारण भागधारकांना तोवर एका सेंटचाही लाभांश दिलेला नव्हता.

पण दहापटच का? आठपट किंवा अठरापट का नाही? याचे उत्तर त्या काळी कोणाजवळ नव्हते. रूढी होती, कारण नव्हते. म्हणूनच ती मोडताना कोणाला काही मोडल्यासारखे वाटले नाही.

३ सप्टेंबर १९२९ रोजी डाउ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता, ८ जुलै १९३२ रोजी तो ४१ वर आला. ही पडझड पाहिलेला एक रोखे-विश्लेषक, जॉन बर विल्यम्स, त्याच १९३२ साली पुन्हा विद्यार्थी होऊन हार्वर्डमध्ये दाखल झाला. समभागाचे खरे मूल्य कशात असते, हा विषय त्याला जोसेफ शुंपेटर या अर्थशास्त्रज्ञाने सुचवला. १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोही पदवी हाती पडण्यापूर्वीच. बीजगणिताची चिन्हे फार आहेत म्हणून काही प्रकाशकांनी तो आधी परत केला होता.

विल्यम्सचे म्हणणे ऐकायला अगदी रोखठोक होते. समभाग घेणाऱ्याच्या हातात अखेर काय पडते? लाभांश. तेव्हा भविष्यातील सगळ्या लाभांशांचे आजचे मोल काढावे आणि त्यांची बेरीज करावी, तेच समभागाचे मूल्य. मग मिळकतीचे काय? कंपनीने स्वतःजवळ ठेवलेली मिळकत पुढे वाढीव लाभांशाच्या रूपाने बाहेर आली, तरच तिला अर्थ. कधीच बाहेर येणार नसेल, तर ती भागधारकाच्या दृष्टीने बुडालेलीच.

या विचाराला आज सर्वत्र ओळखले जाणारे आटोपशीर रूप आले ते १९५६ साली. मायरन गॉर्डन आणि एली शपिरो या दोघांनी एका लेखात असे गृहीत धरले की लाभांश दरवर्षी एकाच दराने वाढत राहील. तसे मानले की अनंत वर्षांची ती बेरीज एका छोट्या भागाकारात मावते. गंमत अशी की त्यांचा हेतू समभागांच्या किमती काढण्याचा नव्हताच. कारखान्याने नवी यंत्रसामग्री घ्यावी की नाही, त्यासाठी किमान किती टक्के नफा सुटला पाहिजे, हा त्यांचा प्रश्न होता. बाजारातली किंमत ठाऊक धरून ते परताव्याचा दर शोधत होते. गुंतवणूकदारांनी तेच सूत्र उलटे फिरवले. पुढे ते गॉर्डनच्या नावानेच ओळखले जाऊ लागले.

सूत्र असे: किंमत म्हणजे पुढील वर्षाचा लाभांश, भागिले परताव्याची अपेक्षा वजा वाढीचा दर. लाभांश हा मिळकतीचाच एक हिस्सा. तेव्हा दोन्ही बाजूंना मिळकतीने भागले, की पी/ई गुणोत्तर उलगडते.

```
P/E = payout / (r - g)
```

payout म्हणजे मिळकतीपैकी लाभांश म्हणून वाटला जाणारा भाग, r म्हणजे गुंतवणूकदाराला हवा असलेला वार्षिक परतावा, आणि g म्हणजे वाढीचा दर. येथे मिळकत पुढील वर्षाची धरली आहे. सरलेल्या वर्षाच्या मिळकतीवर गुणोत्तर हवे असेल, तर उत्तराला एक अधिक g ने गुणावे लागते.

आता जुन्या ठोकताळ्याकडे परत जाऊ. निम्मी मिळकत वाटली जाते, परतावा १० टक्के हवा आहे आणि वाढ ५ टक्के आहे, असे समजा. ०.५० भागिले ०.०५, उत्तर १०. तीच ती दहापट! रूढीच्या पोटात तीन आकडे दडलेले होते, एवढेच की ते कोणी उच्चारले नव्हते.

पण याच सूत्रात एक धारदार पाते आहे. बाकी सारे तसेच ठेवून वाढ ५ ऐवजी ८ टक्के धरली, तर पी/ई २५ होतो. ९ टक्के धरली तर ५०. ९.५ टक्क्यांना १००. आणि १० टक्क्यांना भाजक शून्य होतो, म्हणजे किमतीला सीमाच उरत नाही. एखाद्या कंपनीची पुढील कित्येक दशकांची वाढ ९ टक्के की ९.५ टक्के, हे सांगू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्या अर्ध्या टक्क्यावर मात्र किंमत दुप्पट होते.

हे पाते डेव्हिड ड्युरांडने १९५७ सालीच ओळखले होते. त्यासाठी त्याने अठराव्या शतकातील एक कोडे उकरून काढले. डॅनियल बर्नुलीने १७३८ साली सेंट पीटर्सबर्ग येथील अकादमीच्या ग्रंथात त्याची चर्चा केली होती. नाणे छाप पडेपर्यंत उडवत राहायचे, आणि छापेला जितका उशीर, तितके बक्षीस दर फेकीगणिक दुप्पट. गणिताने या खेळाची अपेक्षित प्राप्ती अनंत येते. तरीही शहाणा माणूस खेळात उतरण्यासाठी थोड्या रकमेपलीकडे काही देत नाही. ड्युरांडने दाखवले की वाढत्या कंपनीचे समभाग आणि हा खेळ यांचे गणित एकाच घडणीचे आहे. अपेक्षित परताव्याहून अधिक वेगाने कायम वाढणारा लाभांश मानला, की मूल्य अनंत! अशा समभागांचे निश्चित मूल्यमापन कदाचित शक्यच नसावे, असा त्याचा सावध निष्कर्ष होता.

सूत्राचा दुसरा सापळा अधिक फसवा आहे. तिन्ही आकडे एकमेकांपासून स्वतंत्र दिसतात, पण ते तसे नाहीत. कंपनीने बाहेरून भांडवल उभारले नाही, तर वाढ येते ती राखून ठेवलेल्या मिळकतीतूनच. वाढीचा दर म्हणजे राखलेला हिस्सा गुणिले त्या पैशावर कंपनी कमावत असलेला परतावा. म्हणून वाटप कमी केले की अंश घटतो, वाढ चढते आणि भाजकही घटतो. मग पी/ई वर जाईल की खाली?

गुंतवणूकदाराला १० टक्के हवे आहेत आणि कंपनीही नव्या भांडवलावर १० टक्केच कमावते, असे धरू. निम्मे वाटले तर वाढ ५ टक्के आणि पी/ई १०. केवळ पाचवा हिस्सा वाटला तर वाढ ८ टक्के, ०.२० भागिले ०.०२, पी/ई पुन्हा १०. वाढ ५ वरून ८ टक्क्यांवर गेली, आणि भागधारकाच्या पदरात काहीच पडले नाही.

कंपनी १२ टक्के कमावत असेल तर चित्र पालटते. निम्मे वाटल्यास वाढ ६ टक्के, पी/ई १२.५. पाव हिस्सा वाटल्यास वाढ ९ टक्के, पी/ई २५. आता तिसरी कंपनी पाहा, नव्या भांडवलावर ८ टक्केच कमावणारी. निम्मे वाटताना तिची वाढ ४ टक्के आणि पी/ई सुमारे ८.३. पाव हिस्सा वाटून तिने वाढ ६ टक्क्यांवर नेली, की पी/ई ६.२५ वर उतरतो. ही कंपनी वाढते आहे आणि वाढता वाढताच मालकांचे नुकसान करते आहे. वार्षिक सभेत मात्र टाळ्या वाढीलाच पडतात. मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिल्यानी यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात हाच भेद काटेकोरपणे मांडला: केवळ विस्तार निराळा, आणि भांडवलाच्या किमतीहून अधिक कमावणारी वाढ निराळी.

इतके सगळे छापून झाले होते, तरी १९७२ साल उजाडलेच. मोठ्या संस्थात्मक गुंतवणूकदारांनी सुमारे पन्नास कंपन्या 'एकदा घ्या, कधीच विकू नका' अशा ठरवल्या होत्या. 'निफ्टी फिफ्टी' हे त्यांचे टोपणनाव. आपल्याकडच्या निफ्टी निर्देशांकाशी या पन्नासांचा काही संबंध नाही. क्षणात छायाचित्र देणारा कॅमेरा बनवणारी पोलरॉइड कंपनी त्यांतलीच, आणि वर्षअखेरीस तिचा पी/ई नव्वदच्या घरात होता.

नव्वद हा आकडा सूत्रातून उलटा वाचून पाहावा. उदाहरणापुरते मानू की एखादी कंपनी पाव हिस्सा वाटते आणि गुंतवणूकदाराला १२ टक्के हवे आहेत. ०.२५ भागिले ९०, म्हणजे r आणि g यांतले अंतर सुमारे ०.२८ टक्के. याचा अर्थ वाढ ११.७२ टक्के, आणि तीही कायमची. या गतीने शंभर वर्षांत मिळकत सुमारे ६५,००० पट होते. कोणत्याही देशाची अर्थव्यवस्था इतक्या वेगाने शतकभर वाढत नाही, आणि कंपनी देशाहून मोठी होऊ शकत नाही. अशा ठिकाणी एकाच स्थिर दराचे सूत्र थिटे पडते. आधी काही वर्षे वेगाची आणि मग मंदावलेली वाढ, असे टप्पे धरावे लागतात. विल्यम्सनेही वाढ हळूहळू ओसरेल असे धरूनच हिशेब केले होते. पुढे सूत्र आटोपशीर झाले, आणि ही सावधगिरी मागे पडली.

मग भाजक हलला. १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाची कोंडी झाली, महागाई उसळली, अमेरिकी सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरचे व्याज सुमारे साडेसहा टक्क्यांवरून १९७४ च्या उन्हाळ्यापर्यंत आठ टक्क्यांच्या आसपास गेले. आपल्या उदाहरणातील कंपनीत काहीही न बदलता फक्त हवा असलेला परतावा १२ वरून १३ टक्के केला, तर ०.२५ भागिले ०.०१२८. नव्वदचा पी/ई विसाच्या खाली! प्रत्यक्ष पोलरॉइडचे दुखणे दुहेरी होते, कारण मिळकतीनेही दगा दिला. १९७४ मध्ये तिचा समभाग शिखराच्या जेमतेम दशांशावर आला. ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

१९९८ साली जेरेमी सीगल या प्राध्यापकाने त्या पन्नास समभागांचा पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला. एकगठ्ठा घेतलेल्या पन्नासांनी जवळपास बाजाराइतकाच परतावा दिला होता. काही कंपन्या आपल्या त्या वेळच्या चढ्या पी/ईलाही पात्र ठरल्या होत्या. सर्वाधिक परतावा मात्र नव्वदच्या घरातल्या कोणाचा नव्हता. तो होता सिगारेट बनवणाऱ्या फिलिप मॉरिसचा. तिचा १९७२ अखेरचा पी/ई होता २४ च्या आसपास.