रेंडरिंग, सर्व्हरवरील व ब्राउझरमधील

जावास्क्रिप्टवर बांधलेल्या संकेतस्थळाचे पान कुठे तयार करायचे, याच्या दोन पद्धती. सर्व्हरवरील रेंडरिंगमध्ये शीर्षक, मजकूर आणि दुवे भरलेले पूर्ण पान सर्व्हरच पाठवतो. ब्राउझरमधील रेंडरिंगमध्ये सर्व्हरकडून जवळजवळ रिकामा सांगाडा आणि जावास्क्रिप्टच्या फायली येतात. मजकूर मागवून तो मांडण्याचे काम पाहणाऱ्याच्या फोनवर किंवा संगणकावर होते. शोधातून ग्राहक मिळवू पाहणाऱ्या व्यावसायिक संकेतस्थळाने ही निवड साऱ्या स्थळासाठी एकदाच करू नये. ती पानाचे काम पाहून, पानागणिक करावी.

ब्राउझरमध्ये तयार होणाऱ्या पानाचा मूळ प्रतिसाद साधारण असा असतो :

```html
<body>
  <div id="root"></div>
  <script src="/assets/app.js"></script>
</body>
```

गूगलचा क्रॉलर, म्हणजे गूगलबॉट, आधी हा मूळ प्रतिसाद वाचतो. नंतर पान रेंडरिंगच्या रांगेत जाते, तिथे क्रोमसारखा पडद्याविना चालणारा ब्राउझर जावास्क्रिप्ट चालवतो आणि तयार झालेला मजकूर अनुक्रमणिकेकडे जातो. हा ब्राउझर मे २०१९ पर्यंत क्रोमच्या ४१व्या आवृत्तीवर अडकलेला होता. तेव्हापासून तो नव्या आवृत्त्यांबरोबर अद्ययावत ठेवला जातो. त्यामुळे ‘गूगलला जावास्क्रिप्ट वाचता येत नाही’ हे विधान आज चुकीचे आहे. पण ‘वाचता येते, म्हणून काळजी नको’ हेही तितकेच चुकीचे आहे. रिकामा सांगाडा पाठवला की मजकूर पोहोचणे पुढच्या साखळीवर अवलंबून राहते : फाइल उतरली पाहिजे, स्क्रिप्ट न अडखळता चालली पाहिजे, माहिती देणारा एपीआय वेळेत उत्तरला पाहिजे आणि `robots.txt` मध्ये त्या एपीआयचा मार्ग बंद नसला पाहिजे. एक कडी तुटली तरी गूगलच्या हाती रिकामे पान लागते आणि मालकाला मात्र आपल्या फोनवर सारे ठीक दिसत राहते.

समजा, इचलकरंजीतील एका कापड व्यापाऱ्याचे संकेतस्थळ रिअॅक्टमध्ये बांधले आहे. प्रत्येक कापडाला स्वतंत्र पान आहे आणि त्यावर सुताचा काउंट, पन्हा, वजन व किमान मागणी लिहिलेली आहे. ‘५८ इंच पन्ह्याचे पॉपलिन’ असे शोधणाऱ्याला नेमके हेच पान सापडायला हवे. मूळ प्रतिसादात हा मजकूर आहे की नाही, हे एका आज्ञेने कळते :

```
curl -s https://example.com/kapad/poplin-58 | grep -c "पन्हा"
```

उत्तर शून्य आले तर मूळ प्रतिसादात तो शब्द नाही. तो ब्राउझरमध्ये नंतर भरला जातो. यानंतर सर्च कन्सोलमधील यूआरएल तपासणीत गूगलने रेंडर केलेले एचटीएमएल उघडून तोच शब्द शोधावा. तिथे तो असेल तर साखळी शाबूत आहे. तिथेही नसेल तर बिघाड खरा आहे. ब्राउझरच्या ‘इन्स्पेक्ट’ खिडकीवर या तपासणीसाठी विसंबू नये, कारण ती स्क्रिप्ट चालून गेल्यानंतरचे पान दाखवते.

मजकुराइतकेच महत्त्व दुव्यांना आणि स्थितीसंकेतांना आहे. गूगलबॉट बटणे दाबत नाही. ‘आणखी कापड पाहा’ हे केवळ क्लिकवर चालणारे बटण असेल, तर त्यामागचा माल त्याला तिथून सापडत नाही. प्रत्येक पानाकडे `<a href>` असलेला खरा दुवा हवा. दुसरी अडचण बंद झालेल्या मालाची. ब्राउझरमध्ये रेंडर होणारे स्थळ बहुधा कोणत्याही पत्त्याला २०० हाच संकेत देते आणि ‘हे कापड उपलब्ध नाही’ ही ओळ नंतर उमटते. पान नाही, पण संकेत मात्र ‘आहे’ असा जातो. सर्च कन्सोलमध्ये अशी पाने ‘सॉफ्ट ४०४’ म्हणून दिसतात. सर्व्हरवर पान तयार होत असेल तर तो खरा ४०४ देऊ शकतो. तिसरी चूक विकसनकाळातून मागे राहते : मूळ प्रतिसादात `noindex` ठेवून ते जावास्क्रिप्टने काढण्याचा बेत. `noindex` दिसताच गूगल रेंडरिंग टाळू शकते, त्यामुळे ते काढणारी स्क्रिप्ट चालतच नाही.

गूगलखेरीज इतर वाचणारेही आहेत. व्यापारी कापडाचा दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवतो तेव्हा दिसणारे नाव व चित्र मूळ प्रतिसादातल्या `og:title` आणि `og:image` या खुणांवरून घेतले जाते. तिथे जावास्क्रिप्ट चालवले जात नाही. सगळ्या पानांचा सांगाडा एकच असेल तर प्रत्येक कापडाच्या दुव्याखाली तेच नाव येते.

अशा स्थळाची वाटणी पुढीलप्रमाणे करणे योग्य ठरते. कापडाची माहिती रोज बदलत नाही, म्हणून कापडाची व वर्गवारीची पाने आधीच तयार करून ठेवावीत आणि माहिती बदलली की ती पुन्हा बांधावीत. हा सर्व्हरवरील रेंडरिंगचाच स्वस्त प्रकार आहे. दर भेटीला सर्व्हरला राबावे लागत नाही. दर तासाला बदलणारी माहिती शोधात यावी असे वाटत असेल, तरच दर मागणीला पान नव्याने तयार करावे. गाळणी, मागणीपत्रक आणि ग्राहकाचे खाते ब्राउझरमध्येच ठेवावे. खात्याचे पान गूगलने वाचायचे नाही. त्यासाठी सर्व्हरवर खर्च करणे व्यर्थ आहे.

सर्व्हरवरून पूर्ण पान आले तरी ते लगेच वापरता येत नाही. ब्राउझरला त्या तयार एचटीएमएलला जावास्क्रिप्टचे वर्तन जोडावे लागते. याला हायड्रेशन म्हणतात. मजकूर दिसतो, पण स्क्रिप्ट जड असेल तर बटण दाबल्यावर काही क्षण काहीच घडत नाही. गूगलच्या मोजमापात पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा आणि कृतीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, अशी चांगल्या अनुभवाची मर्यादा आहे. सर्व्हरवरील रेंडरिंग पहिल्याला मदत करते. दुसऱ्यासाठी स्क्रिप्टच हलकी करावी लागते.

हायड्रेशनची एक चूक भारतात सहज घडते. सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर असते. ‘आजचा दर’ या ओळीतली तारीख यंत्राच्या स्थानिक वेळेनुसार छापली, तर भारतात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हर आदल्या दिवसाची तारीख लिहितो आणि ब्राउझर आजची. दोन्ही पाने जुळत नाहीत, रिअॅक्ट इशारा देते आणि काही वेळा तो भाग नव्याने बांधते. दिवसा तपासणाऱ्याला हा दोष दिसत नाही. तारीख तयार करताना `Asia/Kolkata` हा कालविभाग दोन्हीकडे स्पष्ट दिला की तो मिटतो.

क्रॉलरला सर्व्हरवरचे आणि ग्राहकाला ब्राउझरमधले पान देण्याची ‘डायनॅमिक रेंडरिंग’ ही मधली वाट गूगलने पूर्वी सुचवली होती. आता ते तिला तात्पुरता उपाय म्हणते. नव्या बांधणीत तिच्या वाटेला जाऊ नये, कारण दोन आवृत्त्या जुळत्या ठेवण्याचे काम कधी संपत नाही. उलट, चालू स्थळाची पाने गूगलच्या रेंडर केलेल्या एचटीएमएलमध्ये पूर्ण दिसत असतील आणि अनुक्रमणिकेतही असतील, तर केवळ शोधासाठी सारे पुन्हा लिहिणे योग्य नाही. रेंडरिंगने मजकूर अनुक्रमणिकेपर्यंत पोहोचतो. त्याचा क्रम मजकुराचा उपयोग, इतरांचे दुवे आणि स्पर्धा यांवरही ठरतो.

बदल करायचा ठरल्यास आधी एकच वर्गवारी हलवावी आणि तिची पाने काही आठवडे सर्च कन्सोलमध्ये उरलेल्या पानांशी ताडून पाहावीत. जुने पत्ते शक्यतो तेच ठेवावेत. बदलले तर सर्व्हरवरून ३०१ संकेताने नव्याकडे वळवावे. मात्र `/#/kapad/poplin-58` अशा पत्त्यांना ही सोय नाही. `#` नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, त्यामुळे तिथे वळवण्याचे काम मुख्य पानावरच्या छोट्या स्क्रिप्टलाच करावे लागते.