छतावरचे पांढरे कापड : सुब्रत मित्र यांच्या प्रकाशाचा माग

सत्यजित राय यांचे चित्रपट पाहणारे पुष्कळ. त्याच चित्रपटांत सुब्रत मित्र यांना शोधणारे थोडे. पण दिग्दर्शकाऐवजी छायाचित्रकाराचे नाव धरून १९५५ ते १९६६ हा काळ पाहिला, तर पडद्यावरच्या घरात दिवसाचा उजेड खराखुरा कसा दिसू लागला, हे उलगडत जाते.

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार बंगालमध्ये ‘द रिव्हर’ चित्रित करत होते, तेव्हा तरुण मित्र तिथे जाऊन प्रकाशयोजनेची टिपणे काढत. चलच्चित्राचा कॅमेरा त्यांनी तोवर हाताळलाही नव्हता. तरीही रायांनी ‘पथेर पांचाली’ (१९५५) त्यांच्यावर सोपवला.

खरी कसोटी लागली ‘अपराजितो’त (१९५६). हरिहरचे बनारसमधले घर चौकाचे. अशा चौकात ऊन थेट उतरत नाही. वरच्या आभाळाचा उजेड तेवढा झिरपतो आणि त्याला ठळक सावली नसते. पावसाळ्याच्या धास्तीने हे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचे ठरले. मित्रांनी हरकत घेतली: आभाळाचा उजेड स्टुडिओत आणायचा कसा? राय आणि कलादिग्दर्शक बंसी चंद्रगुप्त मात्र ठाम राहिले.

तेव्हा मित्रांनी सेटच्या वर चौकटीत पांढरे कापड ताणले, दिवे खाली ठेवले आणि त्यांचा झोत वर, कापडावर सोडला. परतून खाली आला तो पसरलेला, मऊ उजेड. या पद्धतीत निम्म्याहून अधिक प्रकाश वाटेतच हरवतो, म्हणून दिवे जास्त लागतात. पण चौक खरा वाटला. तो स्टुडिओतला आहे, हे आजही सांगावे लागते.

ही खूण ओळखणे अवघड नाही. पात्राच्या मागची भिंत पाहावी. थेट दिव्यांच्या जुन्या पद्धतीत तिथे कडक, कधी दोन-तीन सावल्या पडतात. पात्र हलले की त्याही हलतात. ‘चारुलता’तल्या (१९६४) दिवसाच्या प्रसंगांत चारू खोल्याखोल्यांतून फिरते, तेव्हा अशा सावल्या शोधून पाहाव्यात. ‘नायक’मधला (१९६६) आगगाडीचा डबाही सेटच होता. रायांच्या नावावरून मात्र माग काढू नये: ‘तीन कन्या’चे (१९६१) छायाचित्रण मित्रांचे नव्हे, त्यांचे सहायक सौमेंदू राय यांचे. उलट, बासू भट्टाचार्य यांच्या हिंदी ‘तीसरी कसम’चा (१९६६) कॅमेरा मित्रांचाच.

‘नायक’नंतर राय आणि मित्र यांनी पुन्हा एकत्र काम केले नाही. ‘चारुलता’पासून राय स्वतःच कॅमेरा चालवू लागले होते. मित्रांच्या वाट्याला पुढे मोजकेच चित्रपट आले. छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो ‘न्यू दिल्ली टाइम्स’साठी, ‘अपराजितो’नंतर जवळजवळ तीस वर्षांनी.