एंटरप्रायझेस थोरला भाऊ, आंत्रप्रनर धाकटा

भिवंडीजवळच्या काल्हेरला गोदामांच्या रांगांमधून जाताना ‘अमुक एंटरप्रायझेस’ अशा पाट्या जागोजाग दिसतात. त्याच गोदामाचा मालक एखाद्या अर्जात स्वतःला ‘आंत्रप्रनर’ लिहायला बसला, की बहुधा ई-एन-टी-ई-आर अशी सुरुवात करतो. पाटीनेच त्याला फसवलेले असते. दोन्ही शब्द एकाच फ्रेंच क्रियापदाचे, ‘आंत्रप्रांद्र’चे, म्हणजे हाती घेणे. पण ‘एंटरप्राइझ’ मध्ययुगाच्या अखेरीस इंग्रजीत आला आणि तिथलाच झाला. त्याच्या पहिल्या भागाने इंग्रजी ‘एंटर’चे रूप घेतले. ‘आंत्रप्रनर’ अर्थशास्त्र आणि व्यापाराच्या चर्चेतून फार उशिरा आला, म्हणून त्याची फ्रेंच अक्षरे तशीच राहिली. म्हणून आधी ‘आंत्र’चे ई-एन-टी-आर-ई, मग ‘घेणे’चे पी-आर-ई-एन, आणि शेवटी करणाऱ्याचा प्रत्यय ई-यू-आर. हा शेवट ‘शोफर’ आणि ‘अमॅच्युअर’मध्येही आहे. यू आधी की ई, ही शंका आली तर शोफर आठवावा.

याच रीतीने ‘राँदेव्हू’ही सुटतो. तो मुळात आज्ञार्थ आहे, ‘हजर व्हा’ अशा अर्थाचा. ‘तुम्ही’साठी फ्रेंच क्रियापदाला ई-झेड लागतो आणि पुढे व्ही-ओ-यू-एस म्हणजे ‘तुम्ही’. शेवटचा एस आणि मधला झेड उच्चारात नाहीत, म्हणून देवनागरीत ते दिसतच नाहीत. आपली लिपी ऐकलेले लिहिते. ‘डिपो’ लिहिताना शेवटची टी आपण कधीच टाकून दिली आहे. त्यामुळे अशा शब्दांत मराठी माणसाने कानावर विसंबू नये, शब्द तोडून बघावा.

कुणी म्हणेल, तीन शब्दांसाठी फ्रेंच कशाला, एखादे गमतीचे वाक्य पाठ केले की झाले. पण तसे वाक्य एकाच शब्दापुरते चालते. शेवटचा ई-यू-आर ओळखला की अनेक शब्दांत कामी येतो. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: वंशावळ दर वेळी साथ देत नाही. ‘क्वेश्चनेअर’मध्ये दोन एन आहेत, कारण फ्रेंच क्रियापदातच एन दुहेरी आहे. त्या हिशेबाने ‘मिलियनेअर’मध्येही दोन हवेत, आणि फ्रेंचमध्ये आहेतही, पण इंग्रजीने एक गाळला. ‘रेस्टॉरंट’ चालवणाऱ्याचा ‘रेस्टॉरेटर’ तर उलट्या बाजूने चकवतो: त्यात एन मुळीच नाही, कारण तो ‘रेस्टॉरंट’ला प्रत्यय लावून झालेला नाही; दोघेही एकाच क्रियापदापासून वेगवेगळ्या वाटांनी आले. ‘मिलियनेअर’चा एक एन मात्र पाठच करावा लागतो.