प्रातिनिधिक दायित्व : सेवक आणि स्वतंत्र कंत्राटदार

दुसऱ्याच्या अपकृत्याबद्दल स्वतःची चूक नसतानाही पत्करावी लागणारी जबाबदारी म्हणजे प्रातिनिधिक दायित्व होय. सेवकाने नेमून दिलेले काम करताना हयगय केली व तीमुळे त्रयस्थाचे नुकसान झाले, तर मालकास भरपाई द्यावी लागते. तेच काम स्वतंत्र कंत्राटदाराकडे सोपविले असल्यास, काम देणारा सामान्यतः जबाबदार नसतो. भारतात अपकृत्यविधीचे संहितीकरण झालेले नसल्याने हा नियम मुख्यतः इंग्लिश निर्णयांच्या आधारे आणि न्यायालयांच्या निवाड्यांतून रुजला.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मालकाने आज्ञा दिलेल्या वा संमती दिलेल्या कृत्यापुरतेच त्याचे दायित्व मानण्याकडे कल होता. व्यापार वाढल्यावर प्रत्येक कृत्यामागे आज्ञा दाखविणे अशक्य झाले. तेव्हा सतराव्या शतकाच्या अखेरीपासून, विशेषतः मुख्य न्यायमूर्ती होल्ट यांच्या निर्णयांतून, सेवकाला दिलेल्या कामाच्या ओघात घडलेली हयगय मालकाच्या माथी येऊ लागली. पण ‘सेवक’ कोणाला म्हणावे, हा प्रश्न उरलाच. क्वार्मन विरुद्ध बर्नेट (१८४०) या खटल्यात दोन स्त्रियांची स्वतःची गाडी होती. घोडे व गाडीवान मात्र त्या भाड्याने घेत. गाडीवान बहुधा तोच असे व त्यांनी दिलेला गणवेशही घाली. एकदा तो गणवेश ठेवण्यासाठी घरात गेला असता घोडे उधळले व अपघात झाला. न्यायमूर्ती पार्क यांनी त्या स्त्रियांना दायित्वातून मुक्त केले. कारण गाडीवानाची निवड घोडेवाल्याने केली होती आणि तो त्याचाच सेवक होता. गणवेश कोणाचा यापेक्षा चाकरी कोणाची, हे महत्त्वाचे ठरले.

या भेदामागे दोन कारणे आहेत. मालक सेवकाला काय करावे हे सांगतो, तसेच ते कसे करावे हेही सांगू शकतो. शिवाय सेवकाच्या श्रमाचा नफा तो घेतो. म्हणून त्या श्रमातून उद्‌भवणारी जोखीमही त्याच्या धंद्याचाच खर्च ठरते. कंत्राटदार कामाची रीत स्वतः ठरवितो, स्वतःची माणसे व साधने वापरतो आणि नफातोटा सोसतो. अपघाताची जोखीम तो आपल्या दरात धरू शकतो. तथापि केवळ नियंत्रणाची कसोटी पुरेशी नाही. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस या खटल्यात (१९७३) सर्वोच्च न्यायालयाने नगावर मजुरी घेणाऱ्या शिंप्यांना दुकानविषयक कायद्याखाली कामगार मानले व नियंत्रण हीच एकमेव कसोटी नव्हे, असे सांगितले. करारावर ‘कंत्राटदार’ असे लिहिल्याने खरा संबंध बदलत नाही.

फटाके व शोभेच्या दारूच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या तेरखेडा (जि. धाराशिव) या गावाच्या व्यवसायातून नियम व अपवाद दोन्ही स्पष्ट होतात. समजा, कारखान्याच्या पगारी चालकाने माल पोहोचविताना हयगयीने एका सायकलस्वारास धडक दिली, तर कारखानदार भरपाईस पात्र ठरेल. हाच माल स्वतंत्र वाहतूकदाराने आपल्या वाहनातून व आपल्या चालकाकरवी नेला असेल, तर दावा सामान्यतः त्या वाहतूकदारावर चालेल. मात्र वाहतूकदार अपात्र आहे हे माहीत असूनही त्याला काम दिले असल्यास, ती कारखानदाराची स्वतःचीच चूक ठरेल.

आता एखाद्या यात्रा समितीने दारूकाम उडविण्याचे कंत्राट दिले, असे समजू. येथे धोका कामाच्या स्वरूपातच आहे. केरळ उच्च न्यायालयापुढे टी. सी. बालकृष्णन मेनन विरुद्ध टी. आर. सुब्रमणियन (१९६८) या खटल्यात असाच प्रसंग आला. देवस्थानाच्या उत्सवात उडविलेला एक स्फोटक गोळा वर न जाता तिरका गेला आणि गर्दीत फुटून एक प्रेक्षक जखमी झाला. दारूकाम स्वतंत्र कंत्राटदाराचे होते, हा बचाव आयोजकांना तारू शकला नाही. लोकांच्या गर्दीत स्फोटके वापरविणाऱ्यावर असलेले काळजीचे कर्तव्य दुसऱ्याकडे सोपविता येत नाही. काम सोपविता येते, कर्तव्य नाही.

या अपवादालाही सीमा आहे. दारूकाम उरकून परतताना कंत्राटदाराच्या चालकाने रस्त्यावर कोणास धडक दिली, तर ती हयगय स्फोटकांच्या धोक्यातून उद्‌भवलेली नसून आनुषंगिक असते. तिच्याबद्दल समितीला जबाबदार धरता येत नाही. ज्या धोक्यामुळे कर्तव्य अहस्तांतरणीय ठरते, त्याच धोक्यातून नुकसान झाले पाहिजे. आयोजकाने भरपाई दिली, तरी कंत्राटदाराचे दायित्व संपत नाही. करारानुसार ती रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा मार्ग राहू शकतो. मात्र जखमी व्यक्तीला त्या दोघांतील हिशेब पुरा होईपर्यंत थांबावे लागत नाही.