बिअरच्या पिंपातले पत्र : लपवणे आणि कूटबद्ध करणे

संदेश गुप्त ठेवण्याच्या दोन पद्धतींमध्ये आपला बरेचदा गोंधळ होतो. संदेश आहे हेच कोणाला कळू न देणे म्हणजे स्टेगनोग्राफी. संदेश समोर दिसतो, पण त्यातला मजकूर वाचता येत नाही, ते एन्क्रिप्शन म्हणजे कूटलेखन. इंग्लंडमधील 1586 च्या एका प्रकरणात या दोन्ही पद्धती एकाच पत्रासाठी वापरल्या गेल्या आणि दोन्ही निकामी ठरल्या. कोणती पद्धत कशी मोडते, हे त्यावरून नीट समजते.

स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी तेव्हा इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिच्या कैदेत, चार्टली येथे होती. तिच्या पत्रव्यवहारावर कडक पहारा होता. तिच्याकडे कूटलिपीतले पत्र सापडले असते, तर ते वाचता आले नसते तरी संशयाला पुरेसे कारण मिळाले असते. म्हणून नुसते कूटलेखन तिच्या उपयोगाचे नव्हते. पत्र जाते-येते हेच झाकायला हवे होते.

त्यासाठी एक वाट सापडली. वाड्यावर बिअरची पिंपे येत. पत्र गुंडाळून पिंपाच्या बुचाच्या पोकळीत ठेवायचे, मेरीच्या नोकरांनी ते काढून घ्यायचे आणि रिकाम्या पिंपातून उत्तर परत पाठवायचे. ही झाली स्टेगनोग्राफी. आतले पत्रही साध्या भाषेत नव्हते. मेरी आणि तिचा समर्थक अँथनी बॅबिंग्टन यांच्या लिपीत 23 अक्षरांसाठी 23 चिन्हे होती. नेहमीच्या शब्दांसाठी तीसहून अधिक वेगळी चिन्हे होती आणि वाचणाऱ्याला चकवण्यासाठी काही निरर्थक चिन्हेही होती. हे झाले एन्क्रिप्शन.

आता पहिला थर कसा मोडला ते पाहा. पत्रे पोहोचवणारा गिल्बर्ट गिफर्ड हा एलिझाबेथचा मंत्री फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम याला सामील होता. पिंपाची वाटच मुळी वॉल्सिंगहॅमच्या माणसांच्या ताब्यात होती. प्रत्येक पत्र आधी त्यांच्याकडे जाई. तिथे मोहर काळजीपूर्वक उघडली जाई, नक्कल केली जाई, मोहर पूर्ववत केली जाई आणि पत्र पुढे रवाना होई. मेरीच्या बाजूने पाहिले, तर पत्रे पोहोचत होती आणि उत्तरेही येत होती. लपवण्याच्या पद्धतीचा हा मोठा दोष आहे. ती उघडी पडली, तरी पाठवणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नसतो.

मग उरला दुसरा थर. नकला थॉमस फेलिप्स या कूटलिपीतज्ज्ञाकडे जात. एका अक्षराला कायम एकच चिन्ह असेल, तर भाषेची सवय लपत नाही. इंग्रजी मजकुरात साधारण शंभर अक्षरांमागे बारा-तेरा वेळा e येतो. म्हणून सर्वाधिक वेळा दिसणारे चिन्ह बहुधा e असणार, इथून सुरुवात करता येते. एकेक अक्षर उलगडले, की शेजारच्या अक्षरांवरून शब्दचिन्हांचाही अंदाज बांधता येतो. फेलिप्सने ही पत्रे वाचली.

बॅबिंग्टनने पत्रात एलिझाबेथला ठार मारून मेरीला सोडवण्याचा बेत मांडला होता. 17 जुलैच्या उत्तरात मेरीने त्या बेताला साथ दिली. फेलिप्सने या पत्राला त्याच लिपीत एक ताजा कलम जोडला आणि कटातल्या सहा जणांची नावे विचारली. इथे आणखी एक मर्यादा लक्षात घ्या. लिपी ज्याच्या हाती लागली, त्याला नुसते वाचता येत नाही, तुमच्या नावाने लिहिताही येते.

सप्टेंबर 1586 मध्ये बॅबिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना देहदंड झाला. 8 फेब्रुवारी 1587 रोजी मेरीचा शिरच्छेद करण्यात आला.

यातून दोन्ही पद्धतींची कसोटी मिळते. प्रत्येक थराला विचारा : शत्रूला माझी पद्धत कळली, तर काय शिल्लक राहते? पिंपाची युक्ती कळली, तर त्या थरात काहीच शिल्लक राहत नाही. चांगल्या कूटलेखनात मात्र पद्धत उघड झाली, तरी किल्ली गुप्त असेपर्यंत मजकूर सुरक्षित राहायला हवा. हेच तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्ये स्पष्ट शब्दांत मांडले. मेरीची लिपी या कसोटीला उतरणारी नव्हती, कारण तिची किल्ली खुद्द मजकुरातूनच काढता येत होती. पिंपावर विश्वास ठेवून तिने या कच्च्या लिपीत ते सारे लिहिले, जे पहारेकऱ्यांसमोर ती कधीच बोलली नसती.

स्वाध्याय : पिंपाची वाट सुरक्षित राहिली असती पण लिपी कच्चीच असती, आणि लिपी पक्की असती पण वाट फुटली असती, अशा दोन परिस्थितींत मेरीवर कोणता पुरावा उभा राहिला असता, ते लिहा.