रोज रात्री वर येणारा समुद्राचा ‘तळ’

दुसरे महायुद्ध सुरू असताना, 1942 मध्ये, अमेरिकेतील सॅन दिएगोजवळच्या समुद्रात सोनारच्या चाचण्या सुरू होत्या. पाणी खूप खोल होते, तरी आवाज सुमारे 300 मीटरवरूनच परत येत होता. जणू तिथेच तळ होता! 1945 मध्ये शास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी दाखवून दिले की, हा ‘तळ’ संध्याकाळी वर येतो आणि पहाटे खाली जातो. तो सजीवांचा थर होता.

या थरात क्रिल, कोपेपॉड असे प्राणिप्लवक आणि त्यांना खाणारे छोटे मासे असतात. आवाज मुख्यतः या माशांच्या पोटातील हवेच्या पिशव्यांवरून परततो.

प्राणिप्लवकांचे अन्न असलेल्या सूक्ष्म वनस्पती उजेड मिळणाऱ्या वरच्या पाण्यातच वाढतात. दिवसा तिथे थांबल्यास मासे त्यांना सहज टिपतात. म्हणून ते अंधारात वर येऊन खातात आणि उजाडताना खोल जातात. सूर्यग्रहणात अंधारून आले, तरी ते वर सरकू लागतात.

कोपेपॉड जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. पण जवळपास सर्व महासागरांत हे रोज घडते. त्यामुळे एकूण वजनाचा विचार करता हे पृथ्वीवरील प्राण्यांचे सर्वांत मोठे स्थलांतर मानले जाते.