इम्पीरियल खोऱ्यातील ‘हिंदू’ संतती

परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांची दुसरी पिढी मूळ देशाची राहते की नव्या देशात विरून जाते, हा प्रश्न हल्ली महाराष्ट्रातील पुष्कळ घरांतून निघतो. त्याचे उत्तर आपण बहुधा एकाच ठिकाणी शोधतो. मुलास घरची भाषा येते काय, ताटात कोणते अन्न असते, सणवार पाळले जातात काय, यांची आपण मोजदाद करतो आणि जितके शिल्लक दिसेल तितकी ओळख टिकली असे समजतो. आमच्या मते ही मोजणी अपुरी आहे. मनुष्य स्वतःस काय म्हणवितो हे केवळ आईबापांनी काय शिकविले यावरून ठरत नाही; राज्याचा कायदा त्यास कोण मानतो, शेजारी कोण मानतात, आणि ज्यांस तो आपले म्हणतो ते त्यास आपला म्हणतात की नाही, यांवरूनही ते ठरते. कॅलिफोर्नियातील पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांचा इतिहास या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी काही हजार पंजाबी पुरुष अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. त्यांत बहुसंख्य शीख होते, काही मुसलमान होते आणि हिंदू अगदी थोडे. त्यांपैकी कित्येक जण दक्षिण कॅलिफोर्नियातील इम्पीरियल खोऱ्यात जाऊन राहिले. हे खोरे मूळचे वाळवंट होते. 1901 साली कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणल्यावर तेथे कापूस, खरबूज व भाजीपाला पिकू लागला. पंजाबातील कालव्यांच्या मुलखातून आलेल्या शेतकऱ्यास अशा भूमीत काय करावे हे सांगावे लागत नव्हते. परंतु संसार थाटण्याचा मार्ग कायद्याने रोखला होता. 1917 च्या कायद्यान्वये हिंदुस्थानातून अमेरिकेत येणे जवळजवळ बंद झाले. त्यामुळे ज्यांच्या बायका पंजाबात होत्या त्यांस त्या आणता येईनात, आणि परत गेल्यास पुन्हा प्रवेश मिळण्याची खात्री राहिली नाही. गोऱ्या स्त्रीशी विवाह करावा, तर कॅलिफोर्नियात भिन्नवर्णीय विवाहांस प्रतिबंध होता. आणि हे पंजाबी कोणत्या वर्णाचे, याचा निर्णय परवाना देणारा कारकून समोरच्या माणसांच्या कातडीकडे पाहून करी. मेक्सिकन स्त्री व पंजाबी पुरुष त्याच्या दृष्टीस साधारण एकाच रंगाचे दिसत, म्हणून त्यांस परवाना मिळे. 1910 नंतरच्या मेक्सिकोतील क्रांतीमुळे अनेक कुटुंबे सीमा ओलांडून आली होती आणि त्यांतील स्त्रिया याच शेतांत कापूस वेचीत होत्या. अशा रीतीने पुढील काही दशकांत चारशेच्या आसपास संसार उभे राहिले आणि त्यांतील बहुतेकांत आई स्पॅनिश बोलणारी होती. पुष्कळदा दोघी बहिणी शेतीतल्या दोघा भागीदारांस दिल्या जात आणि एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे नांदत.

या मुलांच्या जीवनास विशेष वळण दिले ते जमिनीच्या कायद्याने. 1913 साली कॅलिफोर्नियाने असा कायदा केला की, जे परके नागरिकत्वास अपात्र आहेत त्यांस शेतजमीन विकत घेता येणार नाही व खंडानेही तीन वर्षांहून अधिक मुदतीने धरता येणार नाही. 1920 साली खंडाची मोकळीकही गेली. हा कायदा मुख्यतः जपानी शेतकऱ्यांवर रोखलेला होता. परंतु 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे, सबब तो नागरिकत्वास अपात्र आहे. त्याबरोबर पंजाबी शेतकरीही त्या जाळ्यात सापडला. आरंभी त्याने ओळखीच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या किंवा कंपन्यांच्या नावे जमीन ठेवून काम चालविले. तथापि 1933 साली इम्पीरियल जिल्ह्यात काही पंजाब्यांवर व त्यांच्या गोऱ्या साथीदारांवर कायदा चुकविण्याचा कट केल्याचा आरोप ठेवण्यात आला आणि ही वाट धोक्याची ठरली.

मग उरली ती मुले. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल, त्याचा बाप कोणीही असो, जन्मतः नागरिक होते. नागरिकास जमीन घेण्यास आडकाठी नव्हती. म्हणून बाप चार-पाच वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावे जमीन विकत घेई, आणि जिल्ह्याच्या न्यायालयात अर्ज करून त्या अज्ञानाच्या मिळकतीचा पालक म्हणून स्वतःची नेमणूक करून घेई. नागरिकत्वास अपात्र अशा बापासही आपल्या मुलाच्या मिळकतीचे पालकत्व करता येते, हे कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयाने 1922 साली एका जपानी कुटुंबाच्या प्रकरणात मान्य केले होते. पालकास उत्पन्नाचा हिशेब न्यायालयापुढे ठेवावा लागे आणि मिळकत मुलाच्या हितासाठीच चालविली जात आहे असे दाखवावे लागे. मूल सज्ञान झाले की जमीन खरोखरीच त्याची.

या व्यवस्थेचा घरातील अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. पंजाबात जमीन बापाकडून मुलाकडे येते, आणि तीबरोबर कूळ, गाव व मान हेही येतात. येथे बाप आपल्याच मुलाचा कुळवाडी झाला होता. जो अधिकार त्याने मुलास द्यावयाचा, तो राज्याने मुलास आधीच देऊन बापापासून हिरावला होता. साहजिकच सज्ञान झालेला मुलगा आणि साठी गाठलेला बाप यांच्यात नांगर कोणी धरावा व पैसा कोणी हाताळावा यावरून खटके उडत. आणि तरीही, नेमक्या याच जमिनीमुळे बापाचे नाव मुलास जड न वाटता मोलाचे वाटू लागले. शेताच्या कागदावर जे ‘सिंग’ किंवा ‘खान’ होते, ते नुसते परके आडनाव राहिले नव्हते.

एरवी घरात पंजाबचे फारसे काही उरले नव्हते. मुलांची नावे मारिया, होसे, रोसा अशी असत. त्यांचा बाप्तिस्मा कॅथॉलिक देवळात होई, आणि धर्मपिता म्हणून उभा राहणारा पुष्कळदा बापाचाच एखादा शीख किंवा मुसलमान सोबती असे. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, आणि पंजाबी केवळ बापाच्या मित्रमंडळींच्या बैठकीत कानावर पडणारी. बाप धर्माविषयी आग्रही नसत. देव एकच आहे, आईचा धर्म चालवा, असे त्यांचे साधारण धोरण होते. वर्षातून एखादे वेळी स्टॉक्टन येथील 1912 साली स्थापन झालेल्या गुरुद्वाऱ्यास मोटारीने सहकुटुंब जाणे होई. मुलांच्या दृष्टीने ती यात्रा कमी आणि सहल अधिक.

मोजदाद करणारास येथे निकाल सोपा वाटेल. भाषा गेली, धर्म गेला, पोषाख गेला. तेव्हा ओळखही गेली असली पाहिजे. परंतु ही मुले स्वतःस मेक्सिकन म्हणवीत नसत. ती स्वतःस ‘हिंदू’ म्हणवीत, आणि अभिमानाने म्हणवीत. त्या काळी कॅलिफोर्नियात हिंदुस्थानातून आलेल्या प्रत्येकास, मग तो केशधारी शीख असो वा नमाजी मुसलमान, गोरे लोक ‘हिंदू’च म्हणत. शब्द चुकीचा होता व बहुधा तुच्छतेने उच्चारला जाई. मेक्सिकन मुलेही शाळेत तो शिवीसारखा वापरीत. दुसऱ्या पिढीने तोच उचलला आणि त्यात स्वतःचा अर्थ भरला. बापाची जमीन, बापाच्या मित्रांचे ते विस्तीर्ण काकामंडळ, घरातील कोंबडीचा रस्सा व रोटी, आणि आपण सामान्य मजुरांपैकी नसून शेतमालकांची मुले आहोत ही जाणीव, एवढा त्या शब्दाचा आशय होता. त्यात गंगा नव्हती, ग्रंथसाहेब नव्हते, कुराणही नव्हते.

हे चित्र शास्त्रकारांच्या चौकटीत सहजी बसत नाही. रॉबर्ट पार्क व त्यांचे शिकागोतील सहकारी असे मानीत की, संपर्क, स्पर्धा, जुळवणी व अखेर विलय अशा पायऱ्यांनी परका मनुष्य नव्या समाजात मिसळतो. इम्पीरियल खोऱ्यातील मुले मिसळली खरी, परंतु ज्या समाजात मिसळली तो गोऱ्या अमेरिकेचा मुख्य समाज नव्हता. आलेहान्द्रो पोर्तेस व मिन झोउ यांनी 1993 साली मांडलेले मत येथे अधिक उपयोगी पडते: दुसरी पिढी समाजाच्या कोणत्या थरात मिसळते हे पाहिल्याविना ‘मिसळली’ या शब्दास अर्थ नाही. त्यास आम्ही एवढीच पुस्ती जोडू की, मिसळण्याची जागा व वेगळे राहण्याचे कारण ही दोन्ही एकाच कायद्याने पुरविली असे या प्रकरणी दिसते.

1946 साली दार उघडले. ल्यूस-सेलर कायद्याने हिंदी लोकांस नागरिकत्वाचा हक्क मिळाला व दरसाल शंभर जणांस प्रवेशाची मुभा झाली. वृद्ध बाप आता स्वतःच्या नावे जमीन घेऊ शकत होते, मायदेशी जाऊन येऊ शकत होते, पुतण्या-भाच्यांस बोलावू शकत होते. दुसऱ्याच वर्षी देशाची फाळणी झाली, आणि जे कालपर्यंत सगळेच ‘हिंदू’ होते त्यांतील मुसलमान बापांची मुले एका नव्या राष्ट्राच्या नावाने ओळखली जाऊ लागली. 1965 च्या कायद्यानंतर तर पंजाबातून सबंध कुटुंबेच येऊ लागली आणि उत्तरेकडील युबा सिटी हे त्यांचे मोठे ठाणे झाले. 1970 साली तेथे त्यांचा गुरुद्वारा उभा राहिला.

आता जुन्या संततीचे काय झाले? कोणासही वाटेल की, मातृभूमीशी तुटलेला दुवा पुन्हा जुळताच त्यांची हिंदी ओळख अधिक घट्ट झाली असेल. झाले ते उलट. नवागतांनी या मारिया सिंगांकडे व होसे खानांकडे पाहिले तेव्हा त्यांस आपले कोणी दिसले नाही. पंजाबी न बोलणारी, कॅथॉलिक देवळात जाणारी मेक्सिकन माणसे तेवढी दिसली. शीख नवागतांस तर ‘हिंदू’ हा शब्दच आपल्यापुरता अमान्य होता. ज्या नावाने या मुलांनी जन्मभर स्वतःस ओळखले, त्या नावाचे खरे धनी येऊन उभे राहिले होते, किंवा ते नाव आमचे नव्हेच असे म्हणत होते. उलट जुन्या घराण्यांची तक्रार अशी की, आमच्या बापांनी सोसलेल्या हालांवर हे लोक सुखाने उतरले आणि आम्हासच परके म्हणू लागले. 1970 नंतरच्या दशकात युबा सिटीत या जुन्या कुटुंबांनी नाताळच्या सुमारास दरसाल एक नृत्यसंमेलन भरविण्यास आरंभ केला. पुढे पुढे तेही सर्व जुन्या शाळासोबत्यांचे संमेलन झाले. तिसऱ्या पिढीत बहुतेकांचे विवाह बाहेरच झाले.

यावरून आम्ही असे अनुमान काढतो की, बंद दारामागे जी ओळख तीस वर्षे टिकली, ती दार उघडल्यावर टिकू शकली नाही. कारण तिला आधार देणारी बंदीच नाहीशी झाली होती, आणि तिच्या जागी हवी असलेली मान्यता मिळाली नाही. दोन देशांशी नाते सांगणे हे एका बाजूच्या इच्छेने होत नाही. आज कॅलिफोर्नियात ज्यांची नातवंडे वाढत आहेत त्या मराठी गृहस्थांस तशी बंदी नाही. त्यांस विमान आहे, दूरध्वनी आहे, भाषेच्या शाळा आहेत. परंतु उन्हाळ्यात पुण्यास आलेल्या नातवाच्या अडखळत्या मराठीस येथील भावंडे हसतात, तेव्हा त्या क्षणी तो मुलगा किती मराठी उरला याचा निर्णय त्याच्या आईबापांच्या हाती राहिलेला नसतो. तो येथील मंडळी करीत असतात.